न आलेली माफी कशी लिहावी?



दिवाळी सरली की आमच्या लेखनगटाच्या बैठकीत जी पानं येतात, त्यातली निम्मी तरी भावाबद्दल असतात. भाऊबीज नुकतीच होऊन गेलेली असते. ओवाळून झालेलं असतं, साडी मिळालेली असते आणि मनात काहीतरी टोचत राहिलेलं असतं. ती पानं वाचताना आम्हाला एक गोष्ट दिसली. बहुतेक पानं दोनच वाटांनी जातात. एका वाटेवर शेवटच्या ओळीत सगळं मिटतं, ‘जाऊ दे, रक्ताचं नातं’ म्हणून. दुसऱ्या वाटेवर पहिल्या ओळीपासून आरोपपत्र सुरू होतं आणि पान संपलं तरी ते संपत नाही. दोन्ही पानं वाचून दाखवताना लिहिणारीचा आवाज मात्र सारखाच असतो, घाई लागल्यासारखा. जे लिहायचं होतं ते राहून गेलं, असं तिलाही कळत असतं.

आज आपण तिसऱ्या वाटेबद्दल बोलू. माफी आलेली नाही. ती नाही, एवढंच खरं लिहायचं. शांत झाल्याचं सोंग आणायचं नाही आणि रागाला कायमचं घर बांधून द्यायचं नाही. हे कसं करायचं ते आम्ही एका पानाच्या आधाराने सांगतो. पान आमच्या गटातल्या एका ताईचं आहे. त्यांनी परवानगी दिली आहे. ओळख पटेल अशा खुणा आम्ही बदलल्या आहेत.

आधी आपल्या भाषेकडे बघू. ‘माफ केलं नाही’ म्हटलं की एकच गोष्ट वाटते. पण आपल्या बोलण्यात तिचे चार प्रकार आहेत. ‘मी माफ करणार नाही’ हा निर्धार झाला. ‘मी माफ केलं नाही’ ही घडलेली गोष्ट झाली. ‘मला माफ करता आलं नाही’ यात प्रयत्न होता आणि तो पुरा पडला नाही. ‘माफी अजून आलेली नाही’ यात माफी पाहुण्यासारखी आहे. ती आपल्या हुकमाने येत नाही आणि दार तिच्यासाठी बंदही केलेलं नाही. लिहायला बसण्याआधी ही चार वाक्यं कागदावर एकाखाली एक काढा आणि एकेक मोठ्याने म्हणा. ज्या वाक्याला जीभ अडत नाही, ते आज तुमचं. पुढचं सगळं पान त्याच वाक्याशी जुळलं पाहिजे. ताईंनी चौथं वाक्य निवडलं. तुमचं पहिलंही असू शकतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. निर्धार असेल तर निर्धार लिहा. मात्र मनात पहिलं वाक्य असताना कागदावर चौथं लिहिलं, तर पान खोटं होतं.

आता ताईंची गोष्ट. वडील वारले. तीन एकर वीस गुंठे जमीन. एक भाऊ, दोन बहिणी. सातबाऱ्यावर तिघांची वारस म्हणून नोंद लागली. पुढच्या वर्षी भावाने दोन्ही बहिणींना तालुक्याला नेलं आणि दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र करून घेतलं. कायद्याने मुलीचा वाटा मुलाएवढाच आहे, हे ताईंना माहीत होतं. वडिलोपार्जित जमिनीत महाराष्ट्रात तो १९९४ च्या दुरुस्तीने आला आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने. तरी त्यांनी सही केली. पुढे चार वर्षांनी त्यांचे मालक दवाखान्यात असताना त्या भावाकडे उसने पैसे मागायला गेल्या. भाऊ जे बोलला, ते त्यांच्या मनातून गेलेलं नाही.

त्यांनी पहिल्यांदा लिहून आणलेलं पान असं होतं: ‘माझ्या आयुष्यात खूप चढउतार आले. आपल्याच माणसांनी दुखावलं. पण शेवटी नशिबात असतं तेच होतं. भाऊ तो भाऊच. मी सगळं विसरून त्याला मोठ्या मनाने माफ केलं आहे. आता मनात काहीच नाही.’

हे खोट्या शांतीचं पान. ते ओळखायचं कसं? एक खूण म्हणजे यात घटना गायब आहे. कुणी, कुठे, काय केलं, काहीच नाही. ‘चढउतार’, ‘नशीब’, ‘मोठं मन’ हे शब्द कुणाच्याही पानात बसतील. ज्या पानावरचं नाव खोडून दुसरीचं घातलं तरी चालतं, त्या पानात लिहिणारी नसते. दुसरी खूण अशी की माफी एका वाक्यात येते. राग कधी उतरू लागला, कशाने उतरला, उतरताना काय वाटलं, यातलं काही दिसत नाही. खरंच ओसरलेल्या रागाला वाट असते. ती वाट सांगता येत नसेल, तर राग बहुधा आहे तिथेच आहे. आम्ही ताईंना एवढंच विचारलं, ‘मनात काही नाही म्हणता, मग यंदा भाऊबीजेला गेल्यावर कुठे बसलात?’ त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘आत चुलीपाशी. ओट्यावर मी बसत नाही.’ का नाही, ते त्यांनी सांगितलं आणि खरं पान तिथून सुरू झालं.

पुढच्या महिन्यात दुसरं पान आलं. ते असं: ‘तो पहिल्यापासूनच स्वार्थी. त्याने नेहमी स्वतःचंच बघितलं. मला कधीच बहीण मानलं नाही. त्याला सगळं माहीत होतं, ठरवूनच त्याने मला लुबाडलं. सगळे भाऊ असेच. माझं आयुष्य त्याने धुळीला मिळवलं.’

काही बायकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पहिल्यापेक्षा हे धीट होतं. राग त्यात खरा आहे, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण पान म्हणून ते घट्ट होत चाललं आहे. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘सगळे’, ‘पहिल्यापासून’ हे शब्द मोजा. प्रत्येक शब्द एका घडलेल्या गोष्टीची जागा खातो. ‘कधीच बहीण मानलं नाही’ म्हटलं की ज्या एका दिवशी त्याने खरोखर बहीण मानलं नाही, तो दिवस सांगायचा राहतो. शिवाय ‘त्याला माहीत होतं, ठरवूनच केलं’ हे त्याच्या मनातलं झालं. आपल्याला त्याचे शब्द ऐकू आले, हात दिसले. मन दिसलं नाही. जे दिसलं नाही ते लिहिलं की ऐकणारीला शंका येते आणि जे दिसलं होतं त्यावरचाही तिचा विश्वास डळमळतो.

अशा पानातलं सगळ्यात मोठं नुकसान वेगळंच आहे. त्यात भाऊच भाऊ भरून राहतो. ताई कुठे आहेत? त्यांनी काय केलं, काय मागितलं, आज त्या काय करतात, यातलं काहीच नाही. अढी धरली की आपलीच गोष्ट आपल्या हातून समोरच्याच्या नावावर होते. आणखी एक कसोटी आहे. हेच पान पुढच्या वर्षी एकही शब्द न बदलता वाचता येईल का? येत असेल, तर राग थिजत चालला आहे असं समजा.

मग तिसरं पान कसं लिहायचं? आम्ही चार कामं सांगतो. एका बैठकीत एकच करायचं.

पहिलं काम घटनेचं. जागा, महिना, कोण हजर होतं, रक्कम किती, तोंडून निघालेले नेमके शब्द कोणते. विशेषण एकही नको. कसोटी अशी की हा भाग भावाने ऐकला, तर कितीही वाद घातला तरी ‘हे घडलंच नाही’ असं त्याला म्हणता येऊ नये. हे लिहिताना ताईंना एक गोष्ट सापडली. त्या इतके दिवस म्हणत होत्या की जमिनीचं माफ होत नाही. तपशील लिहिल्यावर कळलं की जमिनीचं त्यांना वाईट वाटतं, पण राग त्याचा नाही. सही त्यांनी स्वतःच्या मनाने केली होती. राग आहे तो चार वर्षांनी मुलासमोर ऐकलेल्या एका वाक्याचा. ‘काय माफ होत नाही’ हे नेमकं कळलं की ओझ्याचा आकार कळतो. ते हलकं होईलच असं नाही, पण ते कुठे टोचतं हे समजतं.

दुसरं काम म्हणजे आपण कशाची वाट बघतोय ते लिहायचं. ‘त्याने माफी मागावी’ हे फार मोघम झालं. कुठे, कुणासमोर, कोणत्या शब्दांत? ताईंनी बराच वेळ घेऊन लिहिलं की त्याने माझ्या मुलासमोर म्हणावं, ‘मी तेव्हा चुकीचं बोललो.’ पैसे नकोत, जमीन नको. काही बायकांना उलटं सापडतं. त्यांना शब्द नको असतात, वाटा हवा असतो. दोन्ही ठीक आहे, पण कोणतं ते कळलं पाहिजे.

तिसरं काम अवघड आहे. त्या माणसाबद्दलची एक खरी गोष्ट लिहायची, जी आपल्या तक्रारीत बसत नाही. त्याची बाजू घेण्यासाठी हे करायचं नाही. तो माणूस आपल्याला पुरता माहीत आहे आणि म्हणूनच लागलं, हे दिसावं म्हणून करायचं. परक्याने तेच वाक्य म्हटलं असतं तर एवढं टोचलं नसतं. इथे ‘पण’ या शब्दाला जपा. ‘तो मला असं बोलला, पण त्याने आईचं सगळं केलं’ असं लिहिलं की आईची सेवा येऊन बोललेलं पुसून टाकते. उलट लिहिलं, ‘त्याने आईचं केलं, पण मला असं बोलला’, तर सेवा पुसली जाते. आपल्या भाषेत ‘पण’च्या नंतरचं वाक्य आधीच्या वाक्याला दाबतं. म्हणून ‘पण’ काढा आणि पूर्णविराम द्या. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी उभ्या राहू द्या. त्यांचा हिशेब वजा करून शून्यावर आणायची जबाबदारी आपली नाही. मात्र ज्याच्याबद्दल लिहितोय त्याच्याकडून छळाशिवाय काही मिळालंच नसेल, तर ओढूनताणून चांगलं शोधू नका. ते काम सोडून द्या.

चौथं काम आजचं. आज त्या माणसासमोर आपलं शरीर काय करतं? बोलतो का, जेवतो का, कुठे बसतो, काय टाळतो? मन काय म्हणतं ते सांगणं कठीण असतं. हातपाय काय करतात ते सांगता येतं. शेवट या आजच्यावरच करायचा. ‘पुढे नक्की माफ करीन’ असं वचन नको आणि ‘मेले तरी माफ करणार नाही’ अशी शपथही नको.

चार महिन्यांनी ताईंचं पान असं झालं:

‘बाबा गेल्यावर जमिनीवर आम्हा तिघांची नावं लागली. पुढच्या वैशाखात भावाने तालुक्याला नेलं. मी हक्कसोडपत्रावर सही केली, अंगठा दिला. कुणी जबरदस्ती केली नाही. मला वाटलं, जमीन सोडली की माहेर राहील. येताना त्याने मला हिरवी साडी घेतली. चार वर्षांनी आमचे मालक दवाखान्यात होते. मी चाळीस हजार उसने मागायला गेले. मुलगा बरोबर होता. भाऊ ओट्यावर बसला होता, उठला नाही. म्हणाला, “तुझा इथं आता काय संबंध?” मी पाणी न पिता परत आले.

चौथीपर्यंत पावसाळ्यात याच भावाने मला खांद्यावर बसवून ओढा ओलांडून शाळेत नेलं. आई दोन वर्षं अंथरुणावर होती, तिचं हगणंमुतणं त्यानेच काढलं.

दर भाऊबीजेला मी जाते. ओवाळते. जेवते. त्या ओट्यावर बसत नाही. त्याने माझ्या मुलासमोर म्हणावं, मी चुकीचं बोललो. अजून म्हणालेला नाही. म्हणाला तर मी काय करीन, ते मला आज माहीत नाही.’

खाली तारीख. बस. यात शांती नाही आणि शिवीही नाही. ऐकताना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोघीतिघींनी मात्र आपापला ओटा कुठला ते सांगायला सुरुवात केली.

अशा लिहिण्याची रीत काही आम्ही शोधून काढलेली नाही. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसून हेच करत होत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात भावाचं कौतुक आहे आणि भावजय आल्यावर माहेर कसं परकं झालं तेही आहे. कौतुकाच्या ओवीने दुःखाची ओवी खोडली जात नाही. तसंच लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. त्यांच्या पतीने, कवी नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली धर्म बदलला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं, काही वर्षं दोघं वेगळी राहिली. पुढे त्या पुन्हा एकत्र नांदल्या. पुस्तक लिहिलं ते कित्येक वर्षांनी, पती गेल्यानंतर. त्यात टिळकांचा तापट स्वभाव आहे, घरात काही नसताना बाहेर वाटून टाकण्याची सवय आहे, माया आहे आणि लक्ष्मीबाईंनी सोसलेलंही आहे. कशासाठी काही लपवलेलं नाही. वाचनालयात मिळालं तर गटात मोठ्याने वाचा.

आता ऐकणाऱ्यांसाठी. पान बिघडतं ते कधी कधी लिहिणारीमुळे नाही, ऐकणारीमुळे. ‘जाऊ दे गं, मोठं मन कर’ असं एकीने म्हटलं की पुढचं पान खोट्या शांतीचं येतं. ‘सोडू नकोस त्याला’ असं दुसरीने म्हटलं की आरोपपत्र येतं. आमच्या गटात ऐकणारीने दोनच प्रश्न विचारायचे असा नियम आहे: ‘नेमकं काय झालं?’ आणि ‘आज काय आहे?’ सल्ला द्यायचा नाही. जिला लिहिता येत नाही तिचं लेक किंवा सून लिहून घेते, तेव्हा तिनेही शब्द बदलू नयेत. आई म्हणाली ‘माझं टाळकं फिरलं’ आणि लेकीने लिहिलं ‘मला वाईट वाटलं’, तर आईचा राग वहीत उतरायच्या आधीच पुसला गेला. मोबाइलवर बोलणं रेकॉर्ड करून मग उतरवलं तर हे टळतं. पान रेडिओवर किंवा मासिकात द्यायचं असेल तर नाव, गाव, गट नंबर काढा. भावाला वाचायला द्यायचं की नाही ते सर्वस्वी लिहिणारीचं. ताईंनी दिलेलं नाही.

दोन गोष्टी मात्र या लिहिण्यापासून वेगळ्या ठेवा. एक म्हणजे कायद्याची मुदत. मन माफ करतंय की नाही याची कायदा वाट बघत नाही. सही फसवून किंवा कागद न सांगता घेतली असेल, तर ते कळल्यापासून साधारण तीन वर्षांच्या आत दस्त रद्द करण्यासाठी दावा लावावा लागतो. तालुका विधी सेवा समितीकडे वकील मोफत मिळतो आणि बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तिथे द्यायचा अर्ज वेगळा लिहा. त्यात खांद्यावरून शाळेत नेल्याची गोष्ट नको, तारखा आणि कागद हवेत. दुसरी गोष्ट, मारहाण किंवा धमकी आजही चालू असेल तर माफीचा विचार आज करायचाच नाही. आधी सुरक्षित व्हायचं. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे, तातडीला ११२. आणि वही घरात सापडली तर त्रास होणार असेल, तर ती गटाच्या पेटीत किंवा मैत्रिणीकडे ठेवा.

हे सगळं करून माफी येते का? येईलच असं आम्ही म्हणणार नाही. आमच्या गटात काहींना आली, काहींना आलेली नाही. म्हणून लिहिलेलं पान फाडू नका आणि त्यावर गिरवूही नका. खाली जागा सोडा. पुढच्या भाऊबीजेनंतर त्याच पानाखाली नवी तारीख घाला आणि त्या दिवशी जे असेल ते दोन ओळींत लिहा. काहीच बदललं नसेल तर ‘काही बदललं नाही’ एवढंच लिहा. चारपाच वर्षांच्या तारखा एकाखाली एक आल्या की राग कुठे सरकला, कुठे तसाच राहिला, ते दुसऱ्या कुणी सांगायची गरज राहत नाही.

पुढच्या बैठकीला येताना ती चार वाक्यं लिहून आणा. कोणतं वाक्य तुमचं, त्याखाली रेघ मारा. तेवढं पुरे आहे.